अनुभव धागा : जेवण झाल्यावरची चिमूट

मीनल, कोथरूड
आमच्याकडे चहा बिनसाखरेचा होऊन दोन वर्षं झाली, तरी वजनकाटा हलेना. मग गेल्या महिन्यात टेबलावरच्या मुखशुद्धीच्या डबीवर लक्ष ठेवलं. रविवारी काट्यावर मोजून २०० ग्रॅम बारीक खडीसाखर आणि १०० ग्रॅम भाजलेली बडीशेप एकत्र करून भरली. खाणारे आम्ही दोघंच. अकराव्या दिवशी सकाळी ह्यांनी डबी पुढे सरकवली आणि म्हणाले, "अगं, संपली की!"

हिशेब केला तर माणशी रोजची १० ग्रॅम साखर निघाली, म्हणजे दोन चहाचे चमचे. चहातून काढली तेवढीच डबीतून परत आली होती. ४० कॅलरी तिच्या आणि बडीशेपेच्या साधारण १७. आकडा लहान आहे, पण आम्ही दोघंही "आता साखर बंद आहे" असं सगळ्यांना मनापासून सांगत होतो, ह्याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्याकडे जेवणानंतर तोंडात काय जातं? शक्य असेल तर मोजून लिहा.

सुहास, सदाशिव पेठ
मीनलताई, खडीसाखरेला साखर म्हणू नका. ती थंड असते, खोकल्यावर आजी देत असे. धाग्याची घेतली तर त्रास नाही. बडीशेपेबरोबर साखर पोटात जाते हे मात्र पटलं. मंडईजवळून आणतो ती रंगीत गोळीवाली हातात चोळून पाहिली, आत बडीशेपेचा जेमतेम दाणा आणि बाकी सगळं साखरेचं कवच.

अनघा, औंध (आहारतज्ज्ञ)
सुहासकाका, धाग्याची म्हणजे साखरेच्या पाकात दोरा सोडून त्यावर खडे जमवलेली. खडा मोठा असतो म्हणून हळू विरघळतो, पण विरघळते ती साखरच, ग्रॅमला ४ कॅलरी. घशाला बरं वाटतं ते खरं आहे, ते मी नाकारत नाही.

डबीबद्दल एक सांगते. बारीक खडे हलवताना तळाशी जातात, त्यामुळे वरून चमचा घेणाऱ्याला बडीशेप मिळते आणि शेवटी घेणाऱ्याला जवळजवळ साखर. हॉटेलात बिलाबरोबर येणाऱ्या वाटीतही हेच होतं. घरी दोन डब्या वेगळ्या ठेवल्या की प्रत्येकाला स्वतःचं प्रमाण दिसतं.

रोहित, हिंजवडी
आमच्या मीटिंगच्या खोलीत पेपरमिंटची बरणी असते. ड्रॉवरमध्ये साठलेले कागद मोजले तर एका दिवसाचे नऊ निघाले. गोळी अडीच ग्रॅमची धरली तर ९० कॅलरी, म्हणजे जवळजवळ एक पोळी. मग शुगर-फ्री गोळ्या घेतल्या, तर दुपारी पोट फुगायला लागलं. पाकिटावर सॉर्बिटॉल लिहिलंय. त्याच्याही कॅलरी शून्य नसतात हे मला तेव्हा कळलं.

वैशाली, बिबवेवाडी
मला बाळंतपणानंतर आईने ओवा, बाळंतशोपा, तीळ, खोबरं दिलं होतं. ती सवय अजून आहे. बडीशेप खाल्ली की छातीत जळजळ कमी होते का? मला तरी होते.

आणि तीळ-जवसाचं मुखवास मी पौष्टिक म्हणून घरी करते. धागा वाचून आज मूठ मोजली, १२ ग्रॅम भरली. दिवसातून तीनदा खाते.

अनघा
वैशाली, तीळ-जवस चांगलेच आहेत, पण ते तेलबिया. तीन मुठींच्या २०० कॅलरीपर्यंत जातात, मीनलच्या डबीच्या जवळजवळ साडेतीनपट. बंद करू नकोस, चमच्याने घे. जळजळीचं प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ती रोजची असेल तर तपासून घे.

श्रीकांत, धनकवडी
वडिलांना मधुमेह आहे, वय ७१. जेवणानंतर दोन तासांनी घरी मशीनवर २४० आली. आम्ही घाबरलो, गोळी वाढवायला निघालो होतो. बायकोच्या लक्षात आलं की बाबांनी थोड्या वेळापूर्वी चिमटीत खडीसाखरेबरोबर चिकट मनुका धरल्या होत्या आणि तेच बोट टोचलं. साबणाने हात धुऊन, पुसून दुसरं बोट टोचलं तर १७८.

अनघा
अगदी असंच होतं. बोटावर मनुकांतल्या ग्लुकोजचा अंश असला की थेंबात मिसळतो आणि आकडा फुगतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो नीट निघेलच असं नाही, साबण-पाणी हवं. पण श्रीकांत, १७८ चा आकडाही डॉक्टरांना दाखवा, आणि त्या दिवशी जेवणानंतर खडीसाखरेचे किती खडे तोंडात गेले तेही सांगा.

श्रीकांत
विचारलं. बाबा म्हणतात, "दोनच." आई म्हणते, येता-जाता घेतात. आजपासून डबी आईच्या कपाटात आहे.

मीनल
आमच्याकडे दोन डब्या केल्या. बडीशेप भराभर संपतेय, साखरेची चार दिवसांत बोटभरही खाली गेली नाही. पण ह्यांनी काल कोपऱ्यावर मसाला पान खाल्लं. त्यात गुलकंद किती घालतात, कुणी मोजलंय का?