शब्दचर्चा : ‘हॅज बीन सेंड’ आणि ‘वॉज सबमिटेड बाय टुमारो’

महापेची नोकरी : आमच्या टीममधून क्लायंटला गेलेल्या मेलमधलं एक वाक्य : ‘द फाइल हॅज बीन सेंड अँड द रिपोर्ट वॉज सबमिटेड बाय टुमारो.’ चुकलंय हे कळतं, पण नेमकं कुठे आणि का, ते सांगता येईना. स्पेलचेकने एकही लाल रेघ मारली नाही.

वागळे इस्टेट : सोपं आहे. ‘हॅज’ असेल तर तिसरं रूप, ‘वॉज’ असेल तर दुसरं. ‘सेंड’चं ‘सेंट’ करा. ‘वॉज सबमिटेड’ बरोबरच आहे, भूतकाळ आहे ना.

जुने मास्तर : अर्धं बरोबर. ‘सेंट’ हवं हे खरं, पण कर्मणी प्रयोगात ‘वॉज’नंतरही तिसरंच रूप येतं. ‘सबमिटेड’ दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपात सारखंच दिसतं, म्हणून तुमचा नियम इथे पकडला जात नाही. ‘राइट’ घेऊन बघा : ‘द लेटर वॉज रोट’ होत नाही, ‘वॉज रिटन’ होतं. शंका आली की त्या जागी ‘रिटन’ ठेवून वाचा. ‘हॅज बीन राइट’ कानाला लगेच खटकतं, ‘हॅज बीन सेंड’ तितकं खटकत नाही. बोलताना ‘सेंड’ आणि ‘सेंट’ यांत शेवटच्या ड-टचाच काय तो फरक, आणि तो भरभर बोलण्यात विरून जातो. लेंड, स्पेंड, बिल्ड यांचंही तेच : लेंट, स्पेंट, बिल्ट. स्पेलचेक बिचारा काय करणार, ‘सेंड’ हा शब्द म्हणून बरोबरच आहे.

ठाणे पूर्व : सरकारी पत्रांत ‘सादर करण्यात आले आहे’ लिहितात त्याबद्दल चाललंय का? मला तर तेच खटकतं. सरळ ‘सादर केले’ म्हणा की.

जुने मास्तर : ताई, प्रश्न इंग्रजीचा आहे, पण तुमच्या ‘आहे’ने मूळ दाखवलं. ‘फाइल पाठवली आहे’ या वाक्यात ‘पाठवली’ हेच झालेली क्रिया सांगतं आणि पाठवणारा न सांगताही चालतो. त्यामुळे शब्दाला शब्द लावताना कुणी ‘द फाइल हॅज सेंट’ लिहितं, म्हणजे फाइलनेच काहीतरी पाठवलं! मधला ‘बीन’ आपल्या ‘आहे’त ऐकूच येत नाही. उलट टोकाला ‘इट इज बीन सेंट’ लिहिणारे. ‘इट्स बीन’ ऐकलेलं असतं, त्यातला ‘स’ हा ‘हॅज’चा, पण तो उलगडताना ‘इज’ होतो.

महापेची नोकरी : आणि रिपोर्टचं काय?

जुने मास्तर : तिथे रूप बरोबर आहे, काळ चुकलाय. ‘वॉज सबमिटेड’ म्हणजे काम उरकलं. ‘बाय टुमारो’ म्हणजे उद्या ही शेवटची मुदत. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. आता मूळ मराठी वाक्य काय होतं, ते आठवा. ‘उद्यापर्यंत सबमिट केला जाईल’ असेल तर ‘विल बी सबमिटेड’. ‘उद्यापर्यंत करायचा आहे’ असेल तर ‘इज टू बी सबमिटेड’. ‘करायचा होता’ असेल तर ‘वॉज टू बी सबमिटेड’. मला वाटतं तुमच्या वाक्यातून ‘टू बी’ गळलंय. मेल वाचणाऱ्याला मात्र रिपोर्ट पोचला की यायचाय, हेच कळणार नाही.

महापेची नोकरी : ‘करायचा आहे’च म्हणायचं होतं. क्लायंटने खरंच विचारलं, कुठे आहे रिपोर्ट म्हणून.

नेरूळ : ‘बाय’ म्हणजे ‘कडून’ ना? ‘बाय मॅनेजर’सारखं. मग ‘बाय टुमारो’ऐवजी ‘अनटिल टुमारो’ लिहिलं तर घोळच नाही. मी तसंच लिहिते.

जुने मास्तर : तसं लिहू नका. ‘बाय’ला दोन्ही अर्थ आहेत, पुढे माणूस आला की ‘कडून’, वेळ आली की ‘पर्यंत’. घोळ आपल्या ‘पर्यंत’चा आहे. ‘उद्यापर्यंत थांब’ आणि ‘उद्यापर्यंत दे’, दोन्हींत मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत थांबणं सलग चालतं, म्हणून ‘अनटिल’. देणं एकदाच होतं, म्हणून ‘बाय’. ‘विल बी सबमिटेड अनटिल टुमारो’ वाचलं की रिपोर्ट उद्यापर्यंत पुन्हापुन्हा सादर होत राहणार, असं वाटतं.

वागळे इस्टेट : बरं, माझा नियम मागे घेतो. पण ‘हॅज बीन सेंट यस्टर्डे’? तिसरं रूप आहे, ‘बीन’ आहे, सगळं आहे.

जुने मास्तर : ‘काल पाठवली आहे’ मराठीत बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅज बीन’ जाऊन ‘वॉज सेंट’ हवं. नाहीतर ‘यस्टर्डे’ काढा.

नेरूळ : पण आमच्या ऑफिसात सगळे तसंच लिहितात आणि समजतं सगळ्यांना. भारतीय इंग्रजी म्हणून सोडून द्यायला काय हरकत?

जुने मास्तर : ऑफिसातल्या ऑफिसात सोडा हवं तर. परीक्षेत आणि परदेशी क्लायंटच्या मेलमध्ये मी नाही सोडणार.

ठाणे पूर्व : मग ‘काल सादर करण्यात आले आहे’ हे तरी मराठीत बरोबर का? त्याचं कुणीच बोललं नाही.