उ: अगदी कमी कार्ब्जचा किटो आहार सुरू केल्यावर येणारा थकवा

>> "पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले, पण पळताना पाय उचलत नाहीत. कार्ब्ज वाढवू का?"

लगेच नको, आधी मिठाकडे बघा. गेलेलं वजन बहुतेक पाण्याचं आहे. शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपतो तसं त्याच्यासोबत साठलेलं पाणी जातं, शिवाय इन्शुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. उठताना गरगरत असेल, डोकं दुखत असेल तर कारण बहुधा हेच. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर व्यायामाआधी खारट सूप घेऊन बघा, बराच फरक पडतो. संथ पळणं दोन-चार आठवड्यांत रुळावर येतं. स्प्रिंट आणि चढ मात्र मंदच राहू शकतात, कारण तेवढ्या वेगाला स्नायूंना ग्लुकोजच लागतं. तेच तुमचं ध्येय असेल तर हा आहार मुळात सोयीचा नाही.

वर कुणी लिहिलं नाही म्हणून: मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी किटो टाळावा. त्यांना साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठून किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांना ‘किटो फ्लू’, म्हणजे सुरुवातीचा नेहमीचा त्रास, समजून घरी बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. इन्शुलिन किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा लागतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर या वाटेला जाऊच नये.