मदत हवी आहे: बल-काळ आलेखातील आवेग आणि चेंडूचा परतीचा वेग

नमस्कार. ६० ग्रॅम वस्तुमानाचा चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने भिंतीवर लंब आदळतो आणि १५ मीटर प्रति सेकंद वेगाने परततो, असे गणित मी मुलीला समजावत आहे. परतीची दिशा उलट असल्यामुळे वेगातील बदल ५ नसून ३५ धरावा लागतो (तिची पहिली चूक नेमकी इथेच झाली होती), म्हणून आवेग २.१ न्यूटन-सेकंद येतो. दिलेला आलेख त्रिकोणी असून त्याचा पाया ५ मिलिसेकंद आणि कमाल बल ८४० न्यूटन आहे. त्याचे क्षेत्रफळही २.१ भरते आणि सरासरी बल कमाल बलाच्या निम्मे, म्हणजे ४२० न्यूटन मिळते. इथपर्यंत सारे जुळते.

अडचण पुढच्या उपप्रश्नात आहे. तिथे तोच चेंडू, तोच आदळण्याचा वेग, तेवढाच काळ आणि तेवढेच कमाल बल दिले आहे, परंतु आलेख घुमटासारखा गोलाकार आहे. एक चौकट ०.१ न्यूटन-सेकंदाची धरून मोजल्यावर सुमारे २७ चौकटी भरल्या, म्हणजे आवेग २.७ आणि सरासरी बल ५४० न्यूटन. मात्र यावरून परतीचा वेग २५ मीटर प्रति सेकंद निघतो, आणि स्थिर भिंतीवरून चेंडू आदळला त्यापेक्षा अधिक वेगाने परतणे मला अशक्य वाटते.

गोलाकार आलेखासाठी कमाल बल सुमारे ६६० न्यूटन असायला हवे होते, म्हणजे प्रश्नातच चूक आहे, हा माझा निष्कर्ष बरोबर आहे का? की चौकटी मोजण्यात माझेच काही चुकते आहे? कृपया जाणकारांनी सांगावे.