पंचेचाळीसची तबकडी, ज्यूकबॉक्स आणि रॉकची छोटी गाणी

मृणाल: १९५०च्या दशकातली अमेरिकन रॉक अँड रोल गाणी बहुतेक दोन-अडीच मिनिटांत आटोपतात. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर जास्त मावत नव्हतं म्हणून, की नाणं टाकल्यावर गाणं वाजवणाऱ्या पेट्यांच्या, म्हणजे ज्यूकबॉक्सच्या, मालकांना तशीच हवी होती म्हणून?

अनिकेत: तबकडीमुळेच. आरसीए व्हिक्टरने ती १९४९ मध्ये बाजारात आणली. १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन या रेकॉर्ड कंपनीने काढलेलं एल्विसचं पहिलं गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं. सात इंचांत मावणार तरी किती?

सुधीर: अनिकेत, तीच रेकॉर्ड ७८ फेऱ्यांची म्हणूनही विकली गेली. तीन मिनिटांची चौकट दहा इंची लाखेच्या तव्यापासून चालत आली आहे. उलट ४५वर पाच मिनिटंही बसतात, फक्त खाचा एकमेकींना चिकटून कोराव्या लागतात आणि आवाज दबतो. गजबजलेल्या खाणावळीत आधीची तबकडी दणक्यात वाजली आणि पुढची मिणमिणली, तर ती पुन्हा कोण लावेल? म्हणून छोटं गाणं फायद्याचं. जागा होती, पण ती आवाजासाठी राखून ठेवली.

वंदना: त्यात पैशाचं गणितही धरा. एका गाण्याला एक निकल, म्हणजे ५ सेंट. अडीच मिनिटांची गाणी सलग वाजली तर तासाला २४, म्हणजे १ डॉलर २० सेंट. पाच मिनिटांची असतील तर बरोबर निम्मे. पेटीचा मालक कोणती निवडणार हे उघड आहे.

सुधीर: पेटी सलग वाजली तर ना! दुपारभर ती गप्प असते. तुमचं गणित शनिवार रात्रीपुरतं खरं. मालक बघायचा तो आतला मोजणीचा काटा. कोणतं गाणं किती वेळा लागलं ते त्यावर कळायचं आणि न चालणारी तबकडी बाहेर निघायची. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच ओळखू येईल अशी सुरुवात आणि ओठांवर बसणारं धृपद लागायचं. लांबीपेक्षा हा परिणाम मला मोठा वाटतो.

रे चार्ल्सचं 'व्हॉट्'ड आय से' ऐका. १९५८च्या अखेरीस एका नाचाच्या कार्यक्रमात वेळ उरला म्हणून त्याने ते रंगमंचावरच रचलं. १९५९ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ते सहा मिनिटांच्या पुढे गेलं. ध्वनिमुद्रक टॉम डाउडने काटछाट केली आणि दोन बाजूंवर दोन भाग केले. मध्येच वादक थांबल्याचं सोंग करतात, लोक 'अजून' म्हणून ओरडतात आणि गाणं पुन्हा उसळतं. नाचाच्या हॉलमधलं ते गाणं एकाच बाजूवर मावेना, तेव्हा त्या थांब्याने तबकडी उलटायचं निमित्त दिलं. ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं आणि पॉपच्या यादीत सहावं.

शिरीष: मुंबईच्या इराण्यांकडेही ज्यूकबॉक्स असायचे. आम्ही नाणं टाकून हिंदी सिनेमाची गाणी लावायचो, आणि तीही तीन-साडेतीन मिनिटांचीच असत. मग सिनेमाची गाणीही ज्यूकबॉक्समुळेच छोटी झाली असणार.

सुधीर: नाही शिरीष, आपल्याकडेही ती लांबी ७८च्या तव्यानेच घालून दिली. ज्यूकबॉक्स नंतर आला आणि त्याने तयार गाणी वाजवली. मृणालचा प्रश्न गाणी लिहितानाचा आहे.

वंदना: मग विक्रीची दुसरी बाजू सांगते, शब्दशः. सीबर्ग या ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या १९५०च्या पेटीत ४५च्या ५० तबकड्या मावत आणि दोन्ही बाजू वाजत, म्हणजे निवडायला १०० गाणी. मागच्या बाजूलाही स्वतःचं बटण मिळालं. शिवाय कायद्याप्रमाणे विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे दर गाण्याच्या हक्कदाराला जास्तीत जास्त २ सेंट, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच. एका बाजूच्या जोरावर तबकडी खपली तरी मागच्या गाण्याचा हक्कदार तितकेच घेऊन जायचा. म्हणून मागची बाजू कुणाला मिळते यावर ओढाताण व्हायची. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये मागच्याच बाजूला होतं. पुढच्या वर्षी ते सिनेमात आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं.

मात्र पेटीत गाणं हजारदा वाजलं तरी गीतकाराला त्या वाजण्याचा छदामही नाही. १९०९च्या कायद्याने नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांना सूट दिली होती, ती १९७८ पर्यंत टिकली. त्याचे पैसे तबकडी विकली तेवढ्यापुरतेच. तरी तो ज्यूकबॉक्ससाठी लिहायचा, कारण तिथे ऐकलेलं पोर दुकानात जायचं.

अनिकेत: ७८चं मान्य. पण दुकानात पाठवणारा ज्यूकबॉक्स की रेडिओ? 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने ज्यूकबॉक्सवर चाललेल्या गाण्यांची वेगळी यादी १९५७ मध्येच बंद केली. गाणी मात्र पुढेही छोटीच राहिली. मग श्रेय रेडिओला का नको?

सुधीर: १९५७ नंतर रेडिओला द्या, मी अडवणार नाही. त्याआधीचं नाही. मेम्फिस आणि शिकागोच्या छोट्या कंपन्यांना मोठी रेडिओ केंद्रं सहज दारात उभी करत नव्हती. कोपऱ्यावरच्या पेटीत मात्र त्यांना जागा मिळायची.

अनिकेत: रात्री कृष्णवर्णीयांचं संगीत लावणारे निवेदक होते की! मेम्फिसमध्ये एल्विसची ती पहिली तबकडी गाजली, ती आधी रेडिओवरच.