लग्नाआधी लेकीला लिहिलेलं पत्र: दिवस कसे राहतात (तुमचेही अनुभव लिहा)

पोळपाट-लाटणं
लेक सत्तावीसची, नोकरी करते, १९ नोव्हेंबरला लग्न आहे. परवा केळवणाहून आल्यावर म्हणाली, "आई, तारीख छान निघाली गं. चौदावा दिवस होऊन गेलेला असेल, लगेच काही टेन्शन नाही." मी पोळ्या लाटत होते, पोळी तव्यावर करपली. तोंडाने सांगायला जमेना, मग रात्री दोन पानी पत्र लिहून तिच्या बॅगेत साडीच्या घडीत ठेवलं. त्यातला मुद्द्याचा भाग इथे देते. तुम्ही कसं सांगितलंत, किंवा तुम्हाला कोणी सांगितलं, तेही लिहा.

"बाळा, ते चौदा दिवस आलेल्या पाळीपासून पुढे मोजायचे नसतात, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचे असतात. जिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते, तिला दोन्हीकडून मोजलं तरी साधारण एकच दिवस मिळतो. सगळा घोळ तिथूनच झालाय. तुझी येते पस्तीस दिवसांनी. आता २ नोव्हेंबरला आली तर पुढची ७ डिसेंबरच्या आसपास. तिथून चौदा दिवस मागे ये. २३ नोव्हेंबर! म्हणजे तू ज्याला 'होऊन गेला' म्हणतेस तो दिवस लग्नानंतर चौथ्या दिवशी येतोय.

त्या दिवशी बीजकोशातून एक बीज सुटतं आणि नळीत येतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, आधीच येऊन वाट बघत बसतात. म्हणून १८ पासून २३ पर्यंतचे सगळेच दिवस त्यात धरायचे. दोघांची गाठ पडते ती नळीत, पिशवीत नाही. तिथून खाली येऊन अस्तरात रुजायला आठवडाभर तरी जातो. रुजल्याशिवाय लघवीच्या टेस्टमध्ये काही दिसत नाही, तेव्हा पाळी चुकायच्या आधी घाई करून रडत बसू नकोस.

त्या सुमारास अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बोटांत धरलं तर तार सुटणारं जातं. खाज नाही, वास नाही, तर तो आजार नाही. मूल कधी ते तुम्ही दोघांनी ठरवा. पण लवकर नको असेल तर नुसत्या मोजण्यावर राहू नका. तू झालीस ती माझ्या मोजण्यावरच."

बारामतीकर काका
शीर्षक वाचून दचकलो. वाटलं लग्नाआधीच दिवस राहिले आणि आईने पत्र लिहिलं!

जुनी जाणती
एवढं मोजायचं कशाला? पाळी गेल्यावर आठ दिवस काही होत नाही, जाऊबाईंनी सांगितलं होतं. तेवढ्यावर आमच्या दोन मुलांत चार वर्षांचं अंतर राहिलं.

रात्रपाळी
जुनी जाणती ताई, तुमची पाळी लांबची असणार, म्हणून निभावलं. चोवीस दिवसांनी येते तिचं बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. रक्त थांबतं पाचव्या दिवशी आणि धोका सहाव्यापासूनच सुरू. मी बावीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढली, "सेफ दिवस होते हो सिस्टर" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पत्र चांगलं आहे, पण ते २३ नोव्हेंबर पक्कं धरू नका. ताप, प्रवास, लग्नाची जागरणं, यांनी बीज पुढे सरकतं आणि त्याच्या मागून पाळीही. नक्की दिवस आधी कळत नाही. पाळी आल्यावर मागे वळून कळतो, तोही अंदाजेच.

हळदीची पिवळी
माझी पाळी नेमकी लग्नाच्या दिवशी येणार होती. मावशीने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या, पूजा आहे ना! मी समजले, गोळ्या चालू आहेत म्हणजे दिवसही राहणार नाहीत. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे.

रात्रपाळी
हे फार होतं. त्या गोळ्या पाळीच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात, त्या अस्तर धरून ठेवतात, बस. थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या गर्भ न राहण्याच्या गोळ्या नव्हेत. शिवाय त्या घेतल्या की पुढचं सगळं वेळापत्रक हलतं, मग जुन्या तारखांवरून मोजण्यात अर्थ नाही. आणि मावशीने देऊ नयेत, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

नाशिकची सासू
आमच्या सुनेला तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसतं म्हणते. मग अडलंय कुठे?

रात्रपाळी
एवढ्यावरून कळणार नाही. आधी मुलाची तपासणी करा, ती सोपी असते. बहुतेक घरांत ती सगळ्यात शेवटी होते.

एकटा बाप
बायको गेली तेव्हा लेक अकरा वर्षांची. हे सगळं तिने मैत्रिणींकडून ऐकलं, निम्मं चुकीचं. पुढच्या वर्षी मुलाचं लग्न आहे. त्यालाही असं पत्र द्यावं का? बहीण म्हणते, मुलांना कोण सांगतं.

जुनी जाणती
मुलांना कळतं आपोआप.

हळदीची पिवळी
आमच्या ह्यांना नव्हतं कळलं.

पोळपाट-लाटणं
काल रात्री लेकीचा मेसेज आला. "टेस्टचं माहीत होतं. ते मागे मोजायचं माहीत नव्हतं. पत्राचा फोटो त्याला पाठवलाय." जावई रविवारी जेवायला येणार आहेत. आता मी त्यांच्याकडे बघू कशी?