वर घासणारं दार: आधी बिजागरी बघा
"दार कडीच्या बाजूला वर चौकटीला घासतंय. रंधा मारून घेऊ का?"

इतक्यात नको. दार अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचला आणि वरच्या बिजागरीकडे बघा. पट्टी चौकटीपासून हलली तर स्क्रू सैल झालेत; दाराचा सगळा ओढा तिथेच येतो. दाराखाली पाचर सारून वजन तोला, मग स्क्रू काढा. भोकात गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकून बसवा, रात्रभर वाळू द्या. नंतर मधोमध बारीक ड्रिल मारून ५० मिमीचे स्क्रू आवळा, जुने बहुतेक आखूडच निघतात. नुसता जाड स्क्रू पिळायचा शॉर्टकट मला पटत नाही: त्याचं डोकं पट्टीच्या वर राहतं आणि दार मिटताना बिजागरी अडते. पट्टी हलतच नसेल आणि दमट हवेतच घासत असेल, तर लाकूड फुगलंय. रंधा तेव्हा.