कास्टच्या यादीत टीव्ही दिसत नाही

फ्लॅट ३०४ : सर्वांना नमस्कार. रविवारी गारगोटीचे पाहुणे येणार असल्याने नातवाच्या जावळाचे फोटो टीव्हीवर दाखवायचे आहेत. मोबाईल आणि टीव्ही एकाच वायफायला जोडलेले असून दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते, तरीही कास्टच्या यादीत टीव्ही येत नाही. टीव्ही दोनदा रीसेट करून पाहिला.

फ्लॅट ५०१ : काका, आता टीव्हीला हात लावू नका. कास्टचे बटण दाबल्यावर मोबाईल घरातल्या नेटवर्कवर 224.0.0.251 या पत्त्यावर एक हाक देतो आणि ती ऐकून टीव्ही आपले नाव कळवतो. राउटरमध्ये ‘AP Isolation’ चालू असेल, तर प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळते, परंतु वायफायवरील उपकरणांना एकमेकांशी बोलता येत नाही, त्यामुळे ती हाक टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही. खात्रीसाठी टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमधील आयपी पत्ता पाहून, त्याच वायफायवरील लॅपटॉपवरून त्याला पिंग करा.

फ्लॅट ३०४ : टीव्हीचा पत्ता 192.168.1.12 आहे.

```
ping 192.168.1.1
ping 192.168.1.12
```

पहिल्याला, म्हणजे राउटरला, उत्तर आले. दुसऱ्याला ‘Destination host unreachable’ असे आले.

फ्लॅट ५०१ : काही टीव्ही पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून एवढ्यावर निकाल देत नाही. काकूंच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून आपला मोबाईल व टीव्ही दोन्ही त्याला जोडा. तिथे टीव्ही दिसला, तर दोष राउटरच्या सेटिंगचाच.

फ्लॅट २०२ : आमच्याकडे तर राउटर बंद असतानाही फोनची स्क्रीन टीव्हीवर येते, ते कसे?

फ्लॅट ५०१ : वहिनी, ते मिराकास्ट असणार. त्यात फोन आणि टीव्ही वायफाय डायरेक्टने थेट जोडले जातात, राउटर मध्ये येतच नाही.

फ्लॅट ३०४ : हॉटस्पॉटवर टीव्ही लगेच दिसला. मग राउटरच्या पानावर जाऊन ‘AP Isolation’ बंद केले, तरी घरच्या वायफायवर यादी रिकामीच आहे.

फ्लॅट ५०१ : बहुतेक आपण २.४ गिगाहर्ट्‌झच्या पानावरच ते बंद केले असेल. वायफायचे नाव एकच दिसले, तरी बऱ्याच राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्‌झसाठी हीच सेटिंग स्वतंत्र असते. तिथेही बंद करून राउटर एकदा बंद-चालू करा. मात्र ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर ती चालूच राहू द्या, कारण पाहुण्यांच्या फोनला घरातला प्रिंटर किंवा कॅमेरा दिसण्याचे कारण नाही. अर्थात टीव्हीच गेस्ट वायफायवर असेल, तर त्याला मुख्य वायफायवर आणावे लागेल.

फ्लॅट ३०४ : टीव्ही मुख्य वायफायवरच होता. ५ गिगाहर्ट्‌झच्या पानावर ती सेटिंग खरोखरच चालू होती. बंद करताच टीव्हीचे नाव यादीत आले आणि जावळाचा पहिला फोटोही दिसला.

फ्लॅट ५०१ : उत्तम. क्लबहाऊसच्या वायफायवर मात्र हे कोणी बदलू नये, ही सेक्रेटरी साहेबांना विनंती. तिथे सगळ्यांचे फोन एकत्र असतात, त्यामुळे ते कुलूप तिथे हवेच.